एका घरासाठी वीस घरं

२०२४च्या दिवाळीत माझी आतेबहीण नाशिकहून आली ती फराळाच्या डब्याबरोबर बँकेचा एक कागद घेऊन. कागदावर चारच आकडे होते. कर्ज ३० लाख, व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षं, मासिक हप्ता २६,९९२ रुपये. फ्लॅट पसंत होता, बोलणी झाली होती, अडत होतं ते हप्त्यावर. दोघांच्या पगारातून पंचवीस हजारांपर्यंत झेपेल, त्यापुढे नाही, असा त्यांचा हिशोब होता.

“दादा, बँकेतले म्हणतात, तीस वर्षं करून घ्या, हप्ता खाली येईल. घेऊ का?”

हप्ता खाली येईल हे खरंच होतं. पण किती खाली येईल, पंचवीस वर्षांत भागतं का, दर अर्ध्या टक्क्याने हलला तर काय होईल, यातल्या कशाचंच उत्तर त्या कागदावर नव्हतं. मोबाइलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरवर ती रात्रभर आकडे बदलत बसली होती. त्याची गंमत अशी की नवा आकडा आला की जुना पुसला जातो. दहा वेळा बदललं तरी डोळ्यासमोर एकच उत्तर. मी म्हटलं, लॅपटॉप आण, सगळी उत्तरं एकाच वेळी शेजारी शेजारी मांडू.

एक्सेल असो, गूगल शीट्स असो की लिबरऑफिस, मांडणी तीच. वर डाव्या बाजूला `B1` या सेलमध्ये कर्जाची रक्कम लिहायची, 3000000, आकड्यात कुठेही स्वल्पविराम न देता. `D1`मध्ये झेपणारा हप्ता, 25000. मग तिसऱ्या ओळीत `B3`पासून `F3`पर्यंत मुदत वर्षांत: 10, 15, 20, 25, 30. आणि `A` या उभ्या रकान्यात `A4`पासून `A7`पर्यंत व्याजदर: 8%, 8.5%, 9%, 9.5%. टक्क्याचं चिन्ह आकड्याबरोबरच टाइप करायचं. वर्षांच्या पाच रकान्यांना दरांच्या चार ओळी छेदतात, तिथे कोष्टकाची वीस घरं तयार होतात. या वीसही घरांत एकच सूत्र जातं. ते पहिल्या घरात, `B4`मध्ये, असं लिहायचं:

```
=-PMT($A4/12,B$3*12,$B$1)
```

`PMT`ला तीन गोष्टी लागतात: दर महिन्याचा व्याजदर, एकूण हप्त्यांची संख्या आणि मुद्दल. हप्ता महिन्याचा असल्यामुळे वार्षिक दराला बाराने भागलं आणि वर्षांना बाराने गुणलं. सुरुवातीची उणे खूण बहिणीला खटकली. हे फंक्शन पैशाची दिशा पाळतं. कर्ज हातात आलं ते अधिक, हप्ता खिशातून गेला तो उणे. म्हणून उत्तर ऋण येतं आणि काही पत्रकांत लाल रंगात दिसतं. आधीच एक उणे लावून टाकलं की कोष्टक सरळ वाचता येतं.

आता राहिले ते डॉलर. खरं कसब या तीन-चार खुणांमध्येच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. एखादं सूत्र एका घरातून दुसऱ्या घरात नेलं की त्यातले पत्तेही तेवढेच सरकतात. उजवीकडे एक घर गेलो तर `A`चं `B` होतं, खाली एक घर उतरलो तर 4चं 5 होतं. पत्रकाचा तो स्वभावच आहे आणि बेरजा करताना तो सोयीचा पडतो. आपल्याला मात्र अर्धवट सरकणं हवं असतं. व्याजदर नेहमी `A` रकान्यातूनच घ्यायचा, ओळ मात्र ज्या घरात आपण आहोत त्याची. म्हणून `$A4`: अक्षराला खिळा ठोकला, आकडा मोकळा ठेवला. मुदत नेहमी तिसऱ्या ओळीतून घ्यायची, रकाना आपल्या घराचा. म्हणून `B$3`: इथे आकड्याला खिळा, अक्षर मोकळं. मुद्दल कुठेही गेलं तरी एकाच जागी, म्हणून `$B$1`ला दोन्ही बाजूंनी खिळे.

सूत्र लिहिताना पत्त्यावर कर्सर ठेवून `F4` दाबत राहिलं की हे चारही प्रकार एकामागून एक फिरतात. हव्या त्या प्रकारावर थांबायचं. मग `B4`च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरून उजवीकडे `F4`पर्यंत ओढायचं आणि ती सबंध ओळ निवडून खाली सातव्या ओळीपर्यंत. पसरून झाल्यावर मधल्या एखाद्या घरावर क्लिक करून सूत्र वाचायची मला सवय आहे. `D6`मध्ये आम्हाला हे दिसलं:

```
=-PMT($A6/12,D$3*12,$B$1)
```

`A6`मध्ये 9%, `D3`मध्ये 20, आणि उत्तर २६,९९२. बँकेच्या कागदावरचा आकडा. एक घर बाहेरच्या आकड्याशी जुळलं आणि डॉलर बरोबर बसले असले की उरलेल्या एकोणीस घरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पूर्ण कोष्टक असं आलं (रुपये, पूर्णांकात):

| दर | १० वर्षं | १५ वर्षं | २० वर्षं | २५ वर्षं | ३० वर्षं |
|---|---|---|---|---|---|
| ८% | ३६,३९८ | २८,६७० | २५,०९३ | २३,१५४ | २२,०१३ |
| ८.५% | ३७,१९६ | २९,५४२ | २६,०३५ | २४,१५७ | २३,०६७ |
| ९% | ३८,००३ | ३०,४२८ | २६,९९२ | २५,१७६ | २४,१३९ |
| ९.५% | ३८,८१९ | ३१,३२७ | २७,९६४ | २६,२११ | २५,२२६ |

एक्सेलमध्ये `Data Table` नावाची तयार सोयही आहे, ती हेच काम करते. मी ती वापरत नाही, कारण गूगल शीट्समध्ये ती नाही आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की समोरचा ती कशात उघडेल सांगता येत नाही. डॉलरचं सूत्र कुठेही चालतं.

चुका इथे दोन जातींच्या होतात. डॉलर अजिबातच लावले नाहीत तर कोष्टकभर `#NUM!` येतं, म्हणजे चूक स्वतःच ओरडते. त्रास देते ती गप्प बसणारी चूक. `$A4`च्या जागी `$A$4` झालं तर चारही ओळींत पहिल्या ओळीचेच आकडे येतात. घाईत बघणाऱ्याला कोष्टक अगदी व्यवस्थित दिसतं. दर 9% न लिहिता नुसता 9 लिहिला तर पत्रक तो नऊशे टक्के समजतं आणि हप्ता येतो महिन्याला साडेबावीस लाख, तोही पाचही मुदतींना सारखाच. वर्षांना बाराने गुणायचं राहिलं तर ९ टक्क्यांच्या ओळीत वीस वर्षांखाली सुमारे १ लाख ६२ हजार दिसतात, कारण ते कर्ज वीस महिन्यांत फेडायला निघालेलं असतं. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे दशांश. 0.085 लिहून नुसतं टक्क्याचं बटण दाबलं तर एक्सेलच्या सेलमध्ये 9% दिसतं, आत मात्र साडेआठच असतात. हप्ता बरोबर, शीर्षक खोटं. दशांश वाढवायच्या बटणाने ते ताळ्यावर येतं.

सगळं बरोबर आहे की नाही हे बघायचा एक सोपा उपाय आहे. हप्ता पहिल्या महिन्याच्या व्याजापेक्षा जास्तच असला पाहिजे. ३० लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २ लाख ७० हजार, महिन्याचं २२,५००. ९ टक्क्यांच्या ओळीत याखाली एकही आकडा असता कामा नये.

हे २२,५०० लक्षात ठेवून तीच ओळ डावीकडून उजवीकडे वाचली, तेव्हा बहिणीचा चेहरा बदलला. दहावरून पंधरा वर्षांवर गेलं की हप्ता साडेसात हजारांनी उतरतो. पंधरावरून वीसवर जाताना साडेतीन हजारांनी, पुढे अठराशेंनी, आणि पंचवीसवरून तिसावर जाताना हजारभराने. पायऱ्या लहान लहान होत जातात, कारण खाली फरशी आहे आणि ती २२,५०० वर आहे. मुदत शंभर वर्षं केली तरी हप्ता तिच्याखाली जाणार नाही. वीस वर्षांच्या हप्त्यातही पहिल्या महिन्यात मुद्दलात जातात ४,४९२ रुपये, बाकीचं सगळं व्याज. मुदत वाढवून आपण कमी करत असतो तो हा चार-साडेचार हजारांचा मुद्दलाचा भाग. व्याजाला हात लागतच नाही.

मग खाली दुसरं कोष्टक मांडलं, एकूण व्याजाचं. दर पुन्हा `A12`पासून `A15`पर्यंत नुसते वाचायला लिहिले आणि `B12`मध्ये सूत्र दिलं:

```
=(B4*B$3*12-$B$1)/100000
```

हप्ता गुणिले महिने, त्यातून मुद्दल वजा. शेवटी लाखाने भागलं, म्हणजे उत्तर थेट लाखांत येतं आणि स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर पडण्याची कटकट टळते. इथे `B4`ला डॉलर नाही, कारण वरच्या कोष्टकातलं त्याच जागेचं घर आपल्याला हवं आहे आणि दोन्ही बाजूंनी सरकणंच इथे कामाचं. ९ टक्क्यांच्या ओळीत आलं: दहा वर्षांना १५.६० लाख, पंधराला २४.७७, वीसला ३४.७८, पंचवीसला ४५.५३ आणि तीसला ५६.९०.

म्हणजे वीसऐवजी तीस वर्षं घेतली की हप्ता २,८५३ रुपयांनी कमी होतो आणि व्याज २२ लाखांनी वाढतं. हे वाक्य बँकेत कुणी तिला सांगितलं नव्हतं. त्यांनी लपवलं असं मी म्हणणार नाही. तिने हप्ता विचारला होता, त्यांनी हप्ता सांगितला.

पहिल्या कोष्टकाला मग रंग दिला. `B4:F7` निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये स्वतःचं सूत्र लिहायचा पर्याय घेतला आणि `=B4<=$D$1` दिलं, रंग हिरवा. पंचवीस हजारांत बसणारी घरं हिरवी झाली आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एक जिना दिसू लागला. ८ आणि ८.५ टक्क्यांना पंचवीस व तीस वर्षं हिरवी. ९ टक्क्यांना एकटं तीस. साडेनऊच्या ओळीत एकही नाही. बँकेचा दर अर्ध्या टक्क्याने वर सरकला तर तीस वर्षांचा मार्गही बंद होतो, हे त्या रिकाम्या ओळीतून कळत होतं.

आणि दर सरकतात. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधलेली असतात. मे २०२२मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहावर गेला. एका वर्षाच्या आत अडीच टक्के. त्या काळात पुष्कळ कर्जदारांचा हप्ता तसाच राहिला, मुदत मात्र वाढत गेली. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं होतं आणि तो प्रश्न त्याने बरोबर आणला होता. ३० लाख, साडेसहा टक्के, वीस वर्षं, हप्ता २२,३६७. दर वाढल्यावर किती वर्षं?

यासाठी तिसरं कोष्टक लागतं. डावीकडे पुन्हा दर, वर मात्र वर्षांऐवजी हप्त्याच्या रकमा, आणि घरांत मिळतात ते महिने. एकोणिसाव्या ओळीत `B19`पासून हप्ते, `A20`पासून दर, आणि `B20`मध्ये:

```
=NPER($A20/12,-B$19,$B$1)
```

डॉलरची रीत तीच. हप्त्यापुढे उणे द्यायलाच हवं, नाहीतर पत्रक समजतं की बँक आपल्याला कर्जही देते आणि वर हप्ताही देते. २२,३६७च्या रकान्यात साडेसहाला २४० महिने आले, म्हणजे मांडणी बरोबर. साडेसातला २९२. आठला ३३८, साडेआठला ४२५, म्हणजे पस्तीस वर्षांच्या वर. नऊ टक्क्यांच्या घरात आला `#NUM!`.

“सूत्र चुकलं,” तिचा नवरा म्हणाला.

सूत्र बरोबर होतं. हप्ता २२,३६७ आणि महिन्याचं व्याज २२,५००. दर महिन्याला १३३ रुपये कमी पडतात, ते मुद्दलात मिसळतात, पुढच्या महिन्याचं व्याज आणखी वाढतं. हे कर्ज कधीच फिटणार नाही, म्हणून महिन्यांची संख्याच निघत नाही. या एका ठिकाणी `#NUM!` हेच खरं उत्तर आहे. अर्थात ऑफिसातल्या त्या माणसाने मधल्या काळात काही हप्ते भरले असणार. वर्षभर साडेसहाने भरले असते तर मुद्दल २९.२४ लाखांवर येतं. ते घालून पाहिलं तर आकडा निघतो, पण तो जवळपास ४४ वर्षांचा.

त्याच कोष्टकात शेजारी २४,००० आणि २६,००० हे रकाने घेतले होते. नऊ टक्क्यांना चोवीस हजारांत ३७१ महिने, सव्वीस हजारांत २६८. दोन हजार जास्त भरले की साडेआठ वर्षं वाचतात. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, आणि मुदत इतकी ताणू नये की हप्ता व्याजालाही पुरणार नाही. हा पर्याय समोर आला की निवड करायला हे तिसरं कोष्टकच हाताशी लागतं. फेब्रुवारी २०२५पासून रेपो पुन्हा उतरू लागला, तेव्हा तेच उलट्या दिशेने वाचता येत होतं. दर उतरूनही हप्ता तोच ठेवला तर किती महिने गळतात, ते.

या कोष्टकाला न कळणारं एक आहे, ते बहिणीला आधीच सांगून टाकलं. सगळी रक्कम एकदम हातात आली आणि बरोबर महिन्याने पहिला हप्ता गेला, असं ते धरून चालतं. तिचं घर बांधकाम चालू असलेलं असतं तर बँकेने पैसे टप्प्याटप्प्याने सोडले असते आणि ताबा मिळेपर्यंत दिलेल्या रकमेवर नुसतं व्याज घेतलं असतं. ते व्याज या वीस घरांत कुठेच नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर ती रक्कम लहान नसते. तिचा फ्लॅट तयार होता, म्हणून आमचं भागलं.

चहा झाला. दोघं बराच वेळ त्या हिरव्या जिन्याकडे बघत होते. मग तिने न बोलता `B1`मधले 3000000 खोडले आणि 2750000 लिहिलं. तिन्ही कोष्टकं एका क्षणात बदलली. ९ टक्क्यांच्या ओळीत हिरवा रंग तीसवरून डावीकडे सरकत पंचवीसवर आला, मग वीसवरही. वीस वर्षांना हप्ता २४,७४२. तीस लाख तीस वर्षांना घेतले असते तर २४,१३९. सहाशे रुपयांचा फरक. खालच्या कोष्टकात मात्र ५६.९० लाख व्याजाच्या ऐवजी ३१.८८.

“अडीच लाख कुठनं आणायचे?” नवऱ्याने विचारलं.

“गाडी बुक केलीय ना तुम्ही,” ती म्हणाली. “बुकिंग रद्द केलं तर किती परत देतात, तेवढं विचारा.”

त्याने मोबाइल उचलला आणि गॅलरीत गेला. तिने तोवर `A5`मधल्या साडेआठच्या जागी सव्वाआठ घालून पाहिलं.